कार्नोचे ६१ टक्के आणि शाफ्टवरचे ३१: मधली तूट नेमकी कुठे होते?

प्रश्न: प्रोजेक्टसाठी साध्या वाफचक्राचा हिशेब केला. वाफ १०० बार आणि ५०० अंश सेल्सिअस, कंडेन्सरचा दाब ०.१ बार, थंड करणारं पाणी ३० अंश. कार्नोच्या सूत्राने ६१ टक्के येतात. पण टर्बाइनची कार्यक्षमता ८७ टक्के आणि बॉयलरची ८८ टक्के धरली तर शाफ्टवर जेमतेम ३१ उरतात. एवढी तूट घर्षणाने होते का? आणि सगळ्यात जास्त उष्णता कंडेन्सरमधूनच बाहेर जाते, मग सुधारणा तिथेच करायला नको का?

तुमचे आकडे बरोबर आहेत. मात्र घर्षणाचा वाटा या तुटीत लहान आहे आणि कंडेन्सरचा त्याहून लहान. सर्वांत मोठी तूट बॉयलरमध्ये होते, आणि ती होताना तिथे एक ज्यूलही बाहेर सांडलेला नसतो. चिमणीतून जाणारी उष्णता हा वेगळा विषय आहे, तो तुम्ही ८८ टक्क्यांत धरलाच आहे. मी म्हणतोय ती तूट वाफेत पोहोचलेल्या उष्णतेचीच आहे. वाफनिर्मिती केंद्रांच्या चाचण्या घेण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि उष्णतेचा ताळेबंद पाहून चुकीच्या जागी बोट ठेवणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत. म्हणून तुमचंच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

आधी ते ६१ कुठून येतात ते पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच धाग्याने जातो. तापमानं केल्विनमध्ये घ्यायची: ५०० अंश म्हणजे ७७३ केल्विन, ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन. (सेल्सिअसमध्येच भागाकार करून ९४ टक्के काढणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्या भागाकाराला काही अर्थच नाही, कारण सेल्सिअसचं शून्य हे माणसाने सोयीसाठी निवडलेलं शून्य आहे.) आता गरम साठ्यातून १०० किलोज्यूल उष्णता घेतली असं धरू. उष्णतेबरोबर एंट्रॉपीही येते, आणि तिचं माप म्हणजे उष्णता भागिले ज्या तापमानाला ती दिली ते तापमान. १०० भागिले ७७३, म्हणजे ०.१२९४ किलोज्यूल प्रति केल्विन.

इंजिन चक्राकार चालतं. एक फेरी संपली की ते होतं त्या स्थितीत परत येतं, त्यामुळे ही एंट्रॉपी ते स्वतःत साठवून ठेवू शकत नाही. फिरणाऱ्या शाफ्टमधून कार्य बाहेर जातं, पण कार्याबरोबर एंट्रॉपी जात नाही. ती नष्ट करण्याचा तर कोणताच मार्ग निसर्गात नाही. मग उरतो एकच रस्ता: ती थंड साठ्याला देऊन टाकायची. ३०३ केल्विनच्या पाण्याला ०.१२९४ एवढी एंट्रॉपी द्यायची तर तिच्यासोबत ०.१२९४ गुणिले ३०३, म्हणजे ३९.२ किलोज्यूल उष्णता द्यावीच लागते. १०० मधून ३९.२ गेले, उरले ६०.८. हीच कार्नोची मर्यादा: १ − (थंड तापमान ÷ गरम तापमान).

या मांडणीत वाफ, हवा, पिस्टन, टर्बाइन यांपैकी कशाचाच उल्लेख आला नाही, हे लक्षात घ्या. सादी कार्नो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १८२४ मध्ये हेच सांगितलं होतं, की मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते, इंजिनात कोणता पदार्थ फिरतो यावर नाही. त्या काळी उष्णता हा एक न संपणारा द्रव आहे असं मानत आणि कार्नोनेही तसंच धरलं होतं. केल्विनची निरपेक्ष तापमानश्रेणी १८४८ ची, आणि एंट्रॉपी हा शब्द क्लाउसियसने १८६५ मध्ये दिला. कार्नो १८३२ मध्येच, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला. तरीही त्याचा निष्कर्ष टिकला, कारण त्याच्या युक्तिवादाचा गाभा भक्कम होता. आजच्या भाषेत तो असा. समजा त्याच दोन तापमानांमध्ये उलटंही चालवता येईल असं एक आदर्श इंजिन आहे, आणि कुणी त्याहून सरस इंजिन बनवलं. मग सरस इंजिनाच्या कार्यावर आदर्श इंजिन उलटं फिरवता येईल. दोघांचा मिळून परिणाम एवढाच होईल, की बाहेरून काहीही न देता उष्णता थंडाकडून गरमाकडे जात राहील. असं कुठे घडत नाही, म्हणून ते सरस इंजिनही असू शकत नाही.

तेव्हा ३९.२ किलोज्यूल ही सक्तीची भरपाई आहे. कितीही उत्तम यंत्र बांधा, या दोन तापमानांत ती द्यावीच लागणार. तुमच्या चक्रात मात्र, जसं पुढे दिसेल, कंडेन्सरच्या पाण्यात ६५.१ किलोज्यूल जातात. वरचे २५.९ कुठून आले?

उत्तर असं की वाटेत नवी एंट्रॉपी तयार झाली. जिथे जिथे उष्णता तापमानाच्या फरकातून घसरते, घर्षण होतं, द्रायू काही काम न करता नुसताच पसरतो किंवा मिसळतो, तिथे तिथे एंट्रॉपी जन्माला येते. ती एकदा आली की तिलाही त्याच वाटेने, म्हणजे ३०३ केल्विनच्या पाण्यातूनच बाहेर काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक एककामागे ३०३ किलोज्यूल कार्याचा फटका. यंत्रातल्या कुठल्याही कोपऱ्यातलं नुकसान मोजायचं असेल तर तिथे किती एंट्रॉपी तयार झाली ते काढा आणि तिला ३०३ ने गुणा. गुई आणि स्टोडोला या दोघांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. मला विचाराल तर ऊष्मागतिकीतलं कामाला येणारं याच्याइतकं साधं हत्यार दुसरं नाही.

आता बॉयलरपासून सुरुवात करू. कंडेन्सरमधून आलेलं पाणी ४६ अंशांचं असतं. पंप त्याचा दाब १०० बारवर नेतो, पण त्याने ते फारसं तापत नाही. या पाण्याची ५०० अंशांची वाफ करायला प्रत्येक किलोमागे ३१७३ किलोज्यूल द्यावे लागतात. ते कोणत्या तापमानांना दिले जातात हे वाफतक्त्यातून पाहा. ४६ अंशांपासून उकळबिंदूपर्यंत, म्हणजे १०० बार दाबाला ३११ अंशांपर्यंत, पाणी तापवण्यात सुमारे १२०६ किलोज्यूल जातात. ३११ अंशांना पाण्याची वाफ होण्यात १३१७ जातात. तिथून ५०० अंशांपर्यंत वाफ अतितप्त करण्यात उरलेले ६५०. म्हणजे ३११ अंशांच्या वर दिलेली उष्णता एकूण उष्णतेच्या फक्त पाचवा हिस्सा आहे! वाफेच्या पाइपवरचा तापमापक ५०० दाखवतो तो शेवटच्या क्षणाचा आकडा असतो. बहुतेक उष्णता त्याच्या कितीतरी खाली आत गेलेली असते.

याची एक खरी सरासरी काढता येते. एका किलोमागे दिलेली उष्णता ३१७३, आणि त्यामुळे पाण्याची वाढलेली एंट्रॉपी ५.९५. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ५३३ केल्विन, म्हणजे २६० अंश सेल्सिअस. तुमचं चक्र उष्णता घेतं ते सरासरी २६० अंशांना, ५०० ला नाही. कंडेन्सरच्या ४६ अंशांना, म्हणजे ३१९ केल्विनला, ही सरासरी कार्नोच्या सूत्रात टाकून पाहा: १ − ३१९/५३३, म्हणजे ४०.२ टक्के. आदर्श टर्बाइन आणि आदर्श पंप धरून तुम्ही एन्थाल्पीवरून काढाल तेव्हाही नेमका हाच आकडा येईल. तो योगायोग नाही. ही दोन वेगळी उत्तरं नसून एकाच गोष्टीकडे पाहण्याच्या दोन बाजू आहेत.

आता नुकसान मोजू. ७७३ केल्विनच्या साठ्यातून १०० किलोज्यूल निघाले तेव्हा त्यांच्यासोबत ०.१२९४ एंट्रॉपी होती. तेच १०० किलोज्यूल सरासरी ५३३ केल्विनला पाण्यात शिरले तेव्हा ती ०.१८७५ झाली. वाटेत ०.०५८१ एवढी नवी एंट्रॉपी जन्मली, ती गुणिले ३०३ म्हणजे १७.६ किलोज्यूल कार्य गेलं. उष्णता जेवढी निघाली तेवढीच पोहोचली, म्हणून उष्णतेच्या ताळेबंदात हे नुकसान दिसतच नाही. उष्णता तीच राहिली, तिच्यातून कार्य काढण्याची क्षमता मात्र घटली.

टर्बाइनमध्ये काय होतं? आदर्श प्रसरणात प्रत्येक किलो वाफ १२८५ किलोज्यूल देईल. ८७ टक्के धरले तर १११८ मिळतात. न मिळालेले १६७ किलोज्यूल वाफेतच राहतात. पात्यांवरून घासत जाणं, पात्यांच्या टोकांवरून आणि सीलमधून निसटणारी गळती, शेवटच्या टप्प्यांतले पाण्याचे थेंब, या सगळ्यांनी वाफ असायला हवी त्यापेक्षा जास्त एंट्रॉपी घेऊन बाहेर पडते. ती जास्तीची एंट्रॉपी प्रति किलो ०.५२४. आपल्या १०० किलोज्यूलच्या मापात ती ०.०१६५ होते, आणि ३०३ ने गुणल्यावर नुकसान ५.० किलोज्यूल. बॉयलरच्या १७.६ शी ताडून पाहा.

इथे एक गोष्ट सांगायला मला नेहमी आवडते. घर्षण सगळीकडे सारखंच महाग पडत नाही. वरच्या दाबाच्या टप्प्यात वाफ समजा ७०० केल्विनला आहे आणि तिथे १ किलोज्यूल घर्षणात गेला. ती ऊर्जा उष्णता होऊन त्याच वाफेत परत शिरते आणि पुढच्या टप्प्यांत तिच्यातून थोडं कार्य निघतं. कायमचं नुकसान ३०३/७००, म्हणजे ०.४३ किलोज्यूल. तोच १ किलोज्यूल शेवटच्या टप्प्यात ३२० केल्विनला गेला तर नुकसान ०.९५, कारण पुढे टप्पाच नाही आणि वाफ थेट कंडेन्सरमध्ये जाते. शेवटच्या लांब पात्यांच्या आकारावर अभियंते एवढे कष्ट का घेतात, ते यातून कळावं. शिवाय ओलसरपणाही तिथेच असतो. तुमच्या उदाहरणात टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेत वजनाने सुमारे १४ टक्के पाणी आहे. थेंब पात्यांच्या पुढच्या कडा झिजवतात, म्हणून साधारण १२ टक्क्यांच्या आत राहण्याचा प्रयत्न असतो. ढोबळ नियम असा, की सरासरी १ टक्का ओलसरपणा वाढला की त्या टप्प्यांची कार्यक्षमता १ टक्क्याच्या आसपास घटते. मोठ्या युनिटमध्ये वाफ अर्धवट प्रसरणानंतर परत बॉयलरमध्ये नेऊन तापवतात, त्यामागे एक कारण हेही आहे.

आता कंडेन्सर. पंपाचं लहानसं कार्य वजा केल्यावर १०० किलोज्यूलमागे ३४.९ हाती लागतात, म्हणून ६५.१ किलोज्यूल वाफेकडून पाण्याकडे जातात. वाफ ३१९ केल्विनला, पाणी ३०३ ला. या १६ अंशांच्या घसरणीत तयार होणारी एंट्रॉपी ०.०१०८, म्हणजे नुकसान ३.३ किलोज्यूल. बस, एवढंच. बाहेर जाणारी उष्णता ६५.१, पण कंडेन्सरने स्वतः केलेलं नुकसान ३.३. बाकी सगळं आधीच झालेलं असतं. बॉयलरने आणि टर्बाइनने तयार केलेला बोजा तो फक्त बाहेर वाहून नेतो. उष्णता कुठून बाहेर पडते आणि कार्य कुठे हरवतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

एकदा पडताळून पाहू: ६०.८ वजा १७.६ वजा ५.० वजा ३.३, उरले ३४.९. एन्थाल्पीवरून टर्बाइन आणि पंप धरून काढलं तरी ३४.९ च येतात. पाण्याकडून पाहिलं तर सक्तीचे ३९.२ अधिक हे २५.९ मिळून ६५.१. आता इंधनाच्या उष्णतेपैकी ८८ टक्केच वाफेत पोहोचते, तेव्हा ३४.९ गुणिले ०.८८, म्हणजे तुमचे ३०.७. पुढे जनरेटरचं थोडं नुकसान आणि पंप-पंख्यांचा स्वतःचा खप असतो, पण तो तुमच्या प्रश्नाबाहेरचा आहे.

मग साहजिक विचाराल, की बॉयलरमधली ही घसरण टाळायची कशी? पहिलं उत्तर म्हणजे पाणी बॉयलरमध्ये थंड जाऊच द्यायचं नाही. टर्बाइनमध्ये काही कार्य करून झालेली थोडी वाफ मधूनच काढून घेतात आणि तिने फीडवॉटर तापवतात. ही वाफ तापवते तेव्हा तिच्यात आणि पाण्यात तापमानाचा फरक कमी असतो, आणि तिची उष्णता कंडेन्सरमध्ये न जाता चक्रातच फिरते. पाणी २३० अंशांपर्यंत तापवून बॉयलरमध्ये सोडलं तर बाहेरून उष्णता घेण्याचं सरासरी तापमान २६० वरून सुमारे ३२२ अंशांवर जातं, आणि आदर्श कार्यक्षमता ४०.२ वरून ४६.४ टक्क्यांवर. हा आकडा अगणित हीटर धरून आहे. प्रत्यक्षात पाच ते आठ हीटर असतात, त्यामुळे लाभाचा मोठा भाग मिळतो, सगळा नाही. टर्बाइनला वाफ कमी पडते म्हणून नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. प्रति किलो वाफेचं कार्य कमी होतं हे खरंच आहे, पण प्रति किलोज्यूल इंधनाचं वाढतं, आणि पैसे इंधनाचे लागतात.

दुसरं उत्तर म्हणजे दाब आणि तापमान वाढवणं. दाब वाढला की उकळबिंदू वर सरकतो. २२१ बार आणि ३७४ अंशांच्या पुढे, म्हणजे क्रांतिक बिंदूनंतर, उकळणं असा वेगळा टप्पाच राहत नाही. तापमानाला मात्र पोलादाची मर्यादा आहे. तापलेल्या धातूवर सतत ताण असेल तर तो वर्षानुवर्षं हळूहळू लांबत जातो, याला क्रीप म्हणतात. साध्या मिश्रपोलादांची मजल ५४० अंशांच्या आसपास संपते. ९ ते १२ टक्के क्रोमियमची पोलादं सुमारे ६०० पर्यंत नेतात. त्यापुढे निकेलची मिश्रधातू लागतात आणि त्यांची किंमत परवडेनाशी होते.

आणि खरं सांगायचं तर ५०० अंशांचा साठा ही आपण केलेली सोय आहे. भट्टीतली ज्योत ५०० ची नसते. ती १५०० अंश धरली तर १७७३ केल्विनवरून मर्यादा ८३ टक्के येते, आणि मग ज्योतीपासून २६० अंशांच्या सरासरीपर्यंतच्या घसरणीतच १०० मागे सुमारे ४० किलोज्यूल कार्य जातं. एवढ्या उंचीवरून उष्णता रिकामी खाली सोडायची नसेल तर मध्ये दुसरं इंजिन बसवावं लागतं. एकत्रित चक्राची केंद्रं हेच करतात. वर गॅस टर्बाइन, तिच्यातून साधारण ६०० अंशांना निघणाऱ्या वायूवर खाली वाफेचं चक्र. अशा केंद्रांनी ६० टक्क्यांच्या पुढची कार्यक्षमता प्रत्यक्ष चाचणीत दाखवली आहे. ती घर्षण कमी करून आलेली नाही, मधली रिकामी घसरण भरून काढल्याने आली आहे.

आता मूळ अडचण. तापमानाचा फरक शून्य करून टाकला तर? कंडेन्सरच्या नळीतून वाहणारी उष्णता ढोबळमानाने पृष्ठभाग गुणिले तापमानाचा फरक या प्रमाणात असते. फरक निम्मा केला तर तेवढ्याच उष्णतेसाठी दुप्पट नळ्या. शून्य केला तर नळ्या अनंत, किंवा आहेत तेवढ्या नळ्यांत उष्णता वाहणंच बंद. कार्नोच्या आदर्श इंजिनात उष्णता कुठल्याही फरकाशिवाय आत-बाहेर जाते, म्हणून ते अनंत सावकाश चालतं आणि त्याची शक्ती शून्य असते. पूर्ण ६१ टक्के देणारं इंजिन एक बल्बही पेटवू शकणार नाही. खरं इंजिन मर्यादेच्या खाली राहतं यात कारागिरीचा दोष थोडाच असतो. ठरावीक वेळात, ठरावीक नळ्यांत काम करून घ्यायची ती किंमत आहे.

या किमतीचा एक ढोबळ अंदाजही आहे. आतलं चक्र निर्दोष आहे आणि तूट फक्त साठ्यांशी होणाऱ्या उष्णतेच्या देवघेवीत आहे असं धरून जास्तीत जास्त शक्ती कुठे मिळते हे काढलं, तर कार्यक्षमता १ वजा तापमानांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ एवढी येते. १९५७ मध्ये शांबादाल आणि नोविकोव्ह यांनी स्वतंत्रपणे, आणि १९७५ मध्ये कर्झन आणि आलबोर्न यांनी हे सूत्र दिलं. आपल्या तापमानांना ते ३७.४ टक्के देतं, आणि तुमच्या ३४.९ शेजारी ते चांगलं शोभतंही. पण त्याला निसर्गाची मर्यादा समजू नका. ते काही गृहीतकांवर उभं आहे आणि ते ओलांडणारी केंद्रं आहेत. कार्नोची मर्यादा ओलांडणारं एकही नाही.

कंडेन्सरकडे दुर्लक्ष करा असा अर्थ मात्र वरच्या हिशेबातून काढू नका. त्याचं स्वतःचं नुकसान लहान असलं तरी तो बिघडला की लगेच जाणवतं, आणि चालत्या केंद्रात बहुधा तोच बिघडतो. एका उन्हाळ्यात मी ज्या युनिटवर होतो तिथे निर्वात हळूहळू ढासळायला लागला. दाब ०.१ बारवरून ०.१३५ च्या जवळ गेला, म्हणजे वाफेचं तापमान ४६ वरून ५२ अंशांवर. सगळे म्हणाले, पाणी तापलंय, उन्हाळा आहे. पण येणारं पाणी ३० अंशांचंच होतं आणि जाणारं ४० चं, आधीसारखंच. म्हणजे पाण्याचा प्रवाहही कमी झालेला नव्हता. तो कमी झाला असता तर दहा अंशांची वाढ बारा-तेरा झाली असती. बदलला होता तो वाफेचं तापमान आणि बाहेर जाणारं पाणी यांतला फरक, ६ अंशांवरून १२ वर. याचा अर्थ उष्णतेच्या वाटेत काहीतरी आडवं आलं होतं.

आडवं येणाऱ्या गोष्टी दोनच. नळ्यांच्या आत साचलेला गाळ-क्षार, किंवा नळ्यांच्या बाहेर हवेचं आवरण. वाफ नळीवर निवते, पण तिच्यासोबत आलेली हवा निवत नाही. ती नळीभोवती साचते आणि पुढच्या वाफेला थर ओलांडून यावं लागतं. आम्ही घाईने नळ्या साफ करायचा निर्णय घेतला, एक दिवसाचं उत्पादन गमावलं आणि फरक जवळपास तसाच राहिला. तोवर न पाहिलेल्या दोन खुणा नंतर पाहिल्या. पाण्याच्या बाजूचा दाबातला फरक पहिल्यापासून नेहमीएवढाच होता, म्हणजे नळ्या तुंबलेल्या नव्हत्याच. आणि कंडेन्सरच्या तळाला जमणाऱ्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वाढला होता, शिवाय ते पाणी त्या दाबाच्या संपृक्त तापमानापेक्षा तीन-चार अंश थंड होतं. दोन्ही खुणा हवेच्या. मग सांध्यांवर हीलियम फवारत गेलो आणि निर्वात पंपाच्या तोंडाशी तो कुठे सापडतो ते पाहिलं. टर्बाइन आणि कंडेन्सर जोडणाऱ्या प्रसरण-सांध्याला बारीक भेग निघाली.

त्या सहा अंशांची किंमत तुमच्या उदाहरणात काढा. बॉयलरमध्ये परत जाणारं पाणीही सहा अंश गरम असतं, म्हणून सरासरी ५३३ ची ५३६ होते: १ − ३२५/५३६ म्हणजे ३९.४ टक्के, आधीच्या ४०.२ ऐवजी. दिसायला ०.८ चा फरक, पण तेवढीच वीज काढायला इंधन २ टक्के जास्त. थंड बाजूचा प्रत्येक अंश गरम बाजूच्या अंशापेक्षा जास्त मोलाचा असतो, कारण भागाकारात तो वर आहे आणि खालची संख्या मोठी आहे. सरासरी ५३३ चं ५३९ झालं तर कार्यक्षमता ०.७ च्या आसपासच वाढेल.

तरीही निर्वात हवा तेवढा खोल नेता येत नाही. पाणी ३० अंशांचं असताना वाफ ३० च्या खाली निवणार नाही, आणि त्याच्या जवळ जायचं तर नळ्या आणि पाणी दोन्ही वाढवावे लागतात. शिवाय वाफेचं आकारमान झपाट्याने फुगतं. ०.१ बारला कोरड्या वाफेच्या एका किलोला साधारण १४.७ घनमीटर जागा लागते, ०.०४ बारला ३५ च्या जवळ. तेवढी वाफ शेवटच्या पात्यांमधून जायची तर पाती लांब हवीत. नाहीतर ती फार वेगाने बाहेर पडते आणि वेगातली ऊर्जा वाया जाते, आणि मग खोल निर्वाताचा सगळा फायदा तिथेच संपतो.

प्रोजेक्टमध्ये पुढची पायरी म्हणून एकच गणित करा. एक हीटर धरा, वाफ साधारण १० बारला काढून घ्या, आणि वरचा एंट्रॉपीचा हिशेब पुन्हा मांडा. बॉयलरमधला १७.६ चा आकडा किती खाली येतो आणि हीटरमध्ये किती नवं नुकसान तयार होतं, हे दोन्ही शेजारी लिहा. मग वाफ काढण्याचा दाब थोडा खाली-वर करून पाहा. ज्या दाबाला या दोहोंची बेरीज सर्वांत कमी येते, त्याच्या जवळपासच खऱ्या टर्बाइनला ते छिद्र ठेवलेलं सापडेल.